न चोरलेलं फूल

बेटावरच्या मल्गाए गावात लोक दूसेंगच्या पाया पडायचे ते फक्त वडाएवढ्या त्या जुन्या झाडाखाली. झाडाच्या फांद्यांना रंगीत चिंध्या बांधलेल्या, बुंध्याशी काळ्या दगडाचा कट्टा, कट्ट्यावर गावदेवी. तिथं दूसेंग पांढरा झगा घालून उभी राहिली की कारभारीसुद्धा वाकायचा. आणि तीच दूसेंग दुसऱ्या दिवशी बाजारात मुळे घ्यायला गेली, की दुकानदारीण तिला बाकावर सरकून जागा द्यायची नाही. सिम्बांगचं असंच असतं. देवांना हाक मारणारी बाई देवळात हवी, शेजारी नको.

तिला त्याचं काही वाटत नसे. म्हणायची, "उभं राहून मुळे घेतले की निवडून घेता येतात."

अठराव्या वर्षी ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा सिम्बांग होती तिची सासू. सासूनं तिला आधी रताळ्याच्या शेतात पाठवून बघितलं. वाऱ्यानं ती बांधावरच्या दगडांवर पडायची. मग समुद्रात पाठवून बघितलं. पाण्याखाली तिचा दम टिकत नसे. इतर बाया शिंपले घेऊन वर यायच्या, ही खोकला घेऊन. शेवटी सासू म्हणाली, "हिला निदान बसून ढोल तरी वाजवता येईल." अकरा वर्षं तिनं ढोल वाजवला, आणि वाजवता वाजवता सासूच्या तोंडची सगळी गाथा तिच्या अंगात उतरली. सासू गेली तेव्हा तीन वस्तू तिच्या ओटीत आल्या: पितळी सुरी, घंटा आणि कौल लावायच्या दोन वाट्या. त्यानंतर तीस वर्षं, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, गावच्या पूजेला ती आरंभाची गाथा गात आली होती.

आरंभाची म्हणजे अगदी आरंभाची. आकाश आणि जमीन कणकेसारखी एकात एक मळलेली होती तिथपासून. मग दोन सूर्य आणि दोन चंद्र. दिवसा माणसं भाजून मरायची, रात्री गारठून. झाडं बोलायची, दगड बोलायचे, माणसाला हाक मारली तर भूत ओ द्यायचं. स्वर्गराजाला पृथ्वीवरच्या बाईपासून जुळे झाले आणि बाप निघून गेला. पोरं भोपळ्याच्या वेलावरून वर चढून बापाला भेटली. बाप म्हणाला, एकानं जिवंतांचं जग सांभाळा, एकानं मेलेल्यांचं. दोघांनाही जिवंतांचंच हवं. मग पैज लागली: दोघांनी कुंडीत फूल लावायचं, ज्याचं फुलेल त्याचं हे जग. थोरल्याचं फुललं, धाकट्याचं सुकलं. धाकटा म्हणाला, दादा, जरा झोपूया. थोरला झोपला, आणि धाकट्यानं कुंड्या बदलल्या.

म्हणून या जगावर धाकट्याचं राज्य. म्हणूनच इथं चोर, खुनी, दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारे. थोरला मेलेल्यांच्या जगाकडे जाताना म्हणाला, "घे बाबा. पण तुझ्या जगात कपट पिकेल." नंतर धाकट्याला काही आवरेना, तो थोरल्याकडे रडत गेला, तेव्हा थोरल्यानंच बाण मारून जास्तीचा सूर्य आणि जास्तीचा चंद्र पाडला, पाइनच्या फुलांची पिवळी भुकटी उधळून झाडादगडांच्या जिभा जड केल्या, माणसं आणि भुतं तराजूत तोलून वेगळी केली. मोठमोठी कामं करून दिली. बारीक कामं, म्हणजे माणसाच्या मनातला कपटीपणा, तेवढी राहूनच गेली.

आणि राहिली म्हणूनच सिम्बांग लागते. वाकड्या जगात राहून सरळ राजाकडे गाऱ्हाणं न्यायला कुणीतरी हवं ना.

दूसेंगची एकच लेक, मीरान. लहानपणी शाळेत पोरं तिला "सिम्बांगची पोर" म्हणून दगड मारायची. पूजेच्या दिवशी ती घराच्या मागे, डुकरांच्या खोपटाशी, दोन्ही कानांवर हात दाबून बसायची. दूसेंगनं एकदा ते पाहिलं. नवव्या वर्षी तिला समुद्रापलीकडे बुसानला मावशीकडे शिकायला ठेवलं. पोरगी शिकली, इतकी शिकली की चौतिसाव्या वर्षी ती विद्यापीठात दैवतकथांवर शिकवायला लागली, तात्पुरती. कान दाबून बसलेल्या पोरीनं पोटासाठी शेवटी तेच ऐकायचं काम घेतलं. दूसेंगला त्याचं हसू यायचं.

त्या वर्षी, संत्र्यांची तोडणी चालू असताना, मीरान टेपरेकॉर्डर घेऊन आली.

"आई, मला एक निबंध लिहायचाय. तो छापला की नोकरी कायम होईल. तू आरंभाची गाथा म्हण."

"आत्ता?"

"आत्ता."

"दहाव्या महिन्यात? स्वयंपाकघरात? समोर सुकत घातलेले मासे आणि मी देवांचं मूळ गाऊ?"

"गाऊ नकोस. नुसती सांग."

आता इथं दूसेंग अडकली. सासूनं तिला शिकवलं होतं: देवाचं मूळ जसंच्या तसं सांगितलं की देव येतो. तो आपली गोष्ट ओळखतो, म्हणून येतो. आला की त्याला आसन हवं, तांदूळ हवा, बोलावणारं गाव हवं, आणि शेवटी नीट परत पाठवायला हवं. हे काही नसताना बोलावलं तर तो घरातच फिरत राहतो आणि कुणाच्या तरी अंगावर जातो. म्हणून सासू सांगायची, अवेळी कुणी फारच गळ घातली तर गोष्टीचं नाक उलटं लाव. देवाला वाटू दे, ही माझी नव्हे.

नाही म्हणावं तर लेक आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला बसलेली. दूसेंगनं गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. फक्त फुलाच्या जागी आली तेव्हा तिनं नाक उलटं लावलं: धाकट्याचंच फूल फुललं, थोरल्याचं सुकलं, आणि थोरला हसून म्हणाला, "तुझं जग तुला." चोरी नाही, झोप नाही, कुंड्यांची अदलाबदल नाही.

मीराननं यंत्र बंद केलं. तिचे डोळे चमकत होते. "आई, आपल्या गावात हे असं सांगतात?"

"या चुलीपुढं असंच सांगतात," दूसेंग म्हणाली, आणि मासे उलटे करायला उठली.

लेक पुढं काही विचारेल असं तिला वाटलं होतं. लेकीनं विचारलं नाही.

इकडे गावात वेगळंच शिजत होतं. कारभारी थेकसूला वरून, सरकारातून, सांगणं आलं होतं, की अंधश्रद्धा गावांतून काढा, छपरं बदला, रस्ते रुंद करा. छपरं बदलून झाली. आता पूजा. थेकसू माणूस वाईट नव्हता. त्याच्या मुलाच्या जन्माला दूसेंगनंच तांदूळ उधळले होते. तो म्हणाला, "सामचुन," कारण या बेटावर वडीलधारा बाई असो की बुवा, त्याला सामचुनच म्हणतात, "तुमची मीरान विद्यापीठात आहे. तिनं कागदावर लिहून दिलं, की ही अंधश्रद्धा नाही, विद्या आहे, तर मी वर दाखवीन. बाराव्या महिन्याच्या बैठकीत वाचू. मग पूजा राहील की जाईल ते गाव ठरवेल."

म्हणजे लेकीची नोकरी आणि आईची पूजा, दोन्ही एकाच निबंधाच्या शेपटीला बांधलेली.

बाराव्या महिन्यात मीरान आली ती छापील निबंध घेऊनच. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी दूसेंग कुट्टूच्या पिठाची घावनं काढत होती, मुळ्याचा कीस आत घालून गुंडाळत होती, आणि लेक जमिनीवर बसून वाचून दाखवत होती.

"आई, पहिल्या पानावर मी सांगितलंय की पवित्र कथा म्हणजे काय. ती परीकथा नव्हे. परीकथा कुणीही, कधीही, गंमत म्हणून सांगतो. पवित्र कथा सांगणारे ती खरी मानतात, ती जगाच्या आरंभी घडली असं मानतात, आणि ती ठरल्या वेळी, ठरल्या माणसानं, देवांसमोरच सांगायची असते."

"बरोबर लिहिलंस." दूसेंगला खरंच बरं वाटलं. "हे कोणी सांगितलं तुला?"

"पंडितांनी."

"त्यांच्या सासवा चांगल्या असणार."

मीरान हसली. मग तिनं चिठ्ठ्या काढल्या आणि चटईवर मांडल्या. गोष्टीतली एकेक घटना एकेका चिठ्ठीवर.

"अशा कथा वाचायच्या दोन रीती आहेत. एका रीतीचे लोक म्हणतात, कथेचा अर्थ तिच्या एकेका माणसात नसतो, जोड्यांमध्ये असतो. आकाश आणि जमीन, थोरला आणि धाकटा, फुललेलं आणि सुकलेलं, जिवंत आणि मेलेलं. गोष्ट डावीकडून उजवीकडे वाचली की कळतं पुढं काय झालं. पण सारख्या घटना एकाखाली एक ठेवल्या," तिनं चिठ्ठ्या सरकवल्या, "आणि वरून खाली वाचलं, की कळतं गोष्ट विचार काय करतेय. हा बघ पहिला रकाना, फाजील असण्याचा. दोन सूर्य, दोन चंद्र, बोलणारी झाडं, ओ देणारी भुतं. दुसरा रकाना, उणं असण्याचा: निघून गेलेला बाप, सुकलेलं फूल. तिसऱ्यात कमी करणं: बाण, भुकटी, तराजू. चौथ्यात वाटणी. म्हणजे प्रश्न असा, की एकात एक मळलेल्यातून वेगळं वेगळं कसं झालं? जगणं आणि मरणं यांचा मेळ बसत नाही, म्हणून कथा त्या दोन्हींना एकाच पोटातून जन्माला घालते. जुळे. एकही आणि दोनही."

दूसेंगनं घावन उलटलं. चिठ्ठ्यांकडे बघितलं. "तीस वर्षं म्हणतेय, पण हे रकाने दिसले नव्हते. आहेत खरे. दुसरे काय म्हणतात?"

"दुसरे म्हणतात, चिठ्ठ्या राहू देत, गावात जाऊन बघा. कथा सांगितली जाते तेव्हा कोण कुठं बसतं, कोण तांदूळ आणतं? ती गावाचं कुठलं काम करते? त्यांचं म्हणणं, पवित्र कथा ही गावाची सनद असते. आज जे चाललंय ते तसं का, याचा जुना दाखला. आणि बघ, काठावर शेवाळ गोळा करणाऱ्या बाया पूजेला रिकाम्या हातानं येतात. खोल पाण्यात उड्या मारणाऱ्या मात्र तांदूळ, अंडी, कापड सगळं आणतात. जिथं माणसाचं कसब संपतं आणि भीती सुरू होते, तिथंच पूजा लागते."

"हेही खरं. खोल पाण्यातली बाई कधी फुकट वाकत नाही."

"पहिल्या रीतीत खोट अशी, की कोण, कधी, कुणासाठी सांगतंय ते ती विचारतच नाही. दुसरीत खोट अशी, की काम कळलं तरी फूलच का, दोन सूर्यच का, हे कळत नाही. त्या कामाला दुसरी कुठलीही गोष्ट चालली असती. म्हणून मी दोन्ही एकाच कथेला लावून बघितल्या. आपल्या." तिनं श्वास घेतला. "आणि आई, मला जे सापडलं ना, ते अजून कुणालाच सापडलं नव्हतं. डोंगराकडच्या सगळ्या गावांत धाकटा फूल चोरतो. आपल्या गावात चोरत नाही!"

उलथण्यावरचं घावन तव्याच्या कडेला फाटलं.

"पहिल्या रीतीनं बघितलं तर डोंगरातून समुद्राकाठी येता येता कथा पालथी झालीय, कोट उलटा करून घालावा तशी. तिथं शेती, इथं बुडी. तिथं चोरी, इथं दान. आणि दुसऱ्या रीतीनं बघितलं तर उघडच आहे! आपल्या बाया समुद्राचे वाटे चिठ्ठ्या टाकून घेतात, कुणी कुणाचा वाटा चोरत नाही. अशा गावाची सनद चोरीवर कशी उभी राहील? म्हणून इथला धाकटा सरळ. दोन्ही रीती एकाच जागी येऊन भेटतात, आई. परीक्षकांनी लिहिलंय, की आजवर असं..."

ती बोलत राहिली. दूसेंगला ऐकू येईनासं झालं.

पंडितांची दोन जाळी, किती बारीक विणलेली. आणि दोन्हींत सापडला तो मासा तिनं स्वतः, चुलीपुढं बसून, देव येऊ नये म्हणून पिठाचा करून टाकला होता.

आत्ता सांगावं? निबंध छापून झाला होता. नोकरीचा कागद महिन्याभरात यायचा होता. आणि लेक तिच्याकडे बघत होती, जन्मात पहिल्यांदा, आईची लाज न वाटता.

"घावनं खा," दूसेंग म्हणाली. "गार होतात."

बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. कोळशाच्या शेगडीभोवती बाया बसल्या होत्या, पुरुष भिंतीला टेकून. मीराननं सोपं करून वाचलं. खोल पाण्याचा भाग आला तेव्हा मालन्यो, पाणबुड्या बायांची म्होरकी, सत्तरीची, मांडीवर थाप मारून म्हणाली, "पोरगी आमच्या पोटात शिरून आलीय की!"

थेकसू मान डोलवत होता. दूसेंग मनात म्हणत होती, इथंच थांब, पोरी, इथंच थांब.

मीरान थांबली नाही. तिनं फुलाचा भाग वाचला.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग मालन्यो म्हणाली, "कुणाचं फूल फुललं म्हणालीस?"

"धाकट्याचं, सामचुन."

"हॅ! कुठल्या गावचा धाकटा तो? आपला तर चोर आहे. पक्का चोर. मी सहा वर्षांची असल्यापासून त्याला शिव्या घालतेय!"

सगळ्या बाया खदखदून हसल्या. "मालन्योचा नवरा धाकटाच होता, म्हणून तिच्या लक्षात आहे," कुणीतरी म्हणालं, आणि हसू आणखी वाढलं. मीरान एकटी हसली नाही. तिनं आईकडे पाहिलं.

थेकसू म्हणाला, "थांबा, थांबा. सामचुन, गाथा तुमची. यातलं खरं कोणतं? तेवढं एकदा म्हणून दाखवा, की संपलं."

इथं मात्र दूसेंगची सगळी दारं बंद झाली. खरं म्हणून दाखवायचं म्हणजे देवांना या शेगडीपाशी बोलवायचं, न आसन, न तांदूळ, आणि सहा बाया ओल्या केसांनी बसलेल्या, उद्या पहाटे समुद्रात उतरणाऱ्या. कुणाच्या अंगावर गेलं तर? आणि म्हणून न दाखवता नुसतं "माझं टेपवरचं खोटं" म्हणावं, तर लेकीचा निबंध सगळ्या गावासमोर तिच्या हातातच मरणार. ती मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत बसली.

"सामचुन?"

ती चिमट्यानं शेगडीतले कोळसे सारखे करू लागली.

थेकसूनं उसासा टाकला. त्याला राग नव्हता आला, हेच वाईट होतं. "हे बघा. खुद्द सांगणारीलाच सांगता येत नाही, तर मी वर काय दाखवू? पण निबंध फुकट नाही गेला. मीराननंच लिहिलंय, की पूजेचं काम गावाला एकत्र आणणं. मग तेवढंच काम असेल, तर शाळेच्या मैदानावर खेळ ठेवू, रस्सा शिजवू, गाव एकत्र येईल. आणि पुढं लिहिलंय, की शब्द बदलले तरी चालतं, जोड्या राहिल्या की कथा राहते. मग शाळेतली पोरं दहा मिनिटांत जोड्या करून दाखवतील. सहा तास थंडीत कशाला उभं राहायचं?"

"मी तसं नाही लिहिलं," मीरान म्हणाली. "तसं म्हणायचं नव्हतं मला."

"पण शब्द तर हेच आहेत ना?"

शब्द तेच होते. हात वर करायला सांगितलं. पूजा हवी म्हणून मालन्योनं हात वर केला, आणि आणखी चार म्हाताऱ्यांनी. तरण्या पाणबुड्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. गेली काही वर्षं त्या रबरी पोशाख घालून बुडत होत्या. सुती कपड्यांतली ती हाडं गोठवणारी थंडी त्यांना माहीत नव्हती. भीती कमी झाली तशी तांदळाची मूठही बारीक झाली होती. मीराननं लिहिलं होतं तसंच. तिची दुसरी रीत तिच्या डोळ्यांसमोर अगदी बिनचूक चालत होती.

परतताना दगडी बांधांमधल्या वाटेवर दोघींना वारा ढकलत होता. मीरान म्हणाली, "आई, टेपवर तू काय सांगितलंस?"

दूसेंगनं सगळं सांगितलं. सासूचं, उलट्या नाकाचं, अंगावर येणाऱ्या देवांचं. मीरान वाटेतच खाली बसली.

"मी विचारलं होतं तुला."

"एकदाच विचारलंस. मला वाटलं, तुला माहीत असेल. तू इथंच जन्मलीस."

"मी कान दाबून बसायचे, आई."

"मी बघितलंय."

मीरान उठत म्हणाली, "पहिल्या रीतीचे लोक म्हणतात, कथेची प्रत्येक आवृत्ती म्हणजे कथाच. तू उलटं केलंस तेही कथेनंच केलं असं म्हणता येईल. उलटण्याची जागासुद्धा तू बरोबर तीच निवडलीस, जिथं सगळं फिरतं."

"मग त्यांच्या हिशेबी खोटं काय असतं?"

निबंधाच्या पहिल्या पानावर ते मीराननं स्वतःच लिहिलं होतं: ठरल्या वेळी, ठरल्या माणसानं, देवांसमोर. दहाव्या महिन्यातली, माशांसमोरची ती गोष्ट पवित्र कथा नव्हती हे कळायला त्या दोन ओळी पुरेशा होत्या. तिनं त्या सगळ्या जगाला लावल्या, आईला लावायच्या राहिल्या.

"मी दुरुस्ती लिहिते," ती म्हणाली. "नोकरी गेली तरी चालेल. पण मग मला खरी गाथा लागेल. शब्दासकट."

"ती पूजेत मिळेल."

"पूजा बंद झाली, आई."

"हो," दूसेंग म्हणाली.

पहिल्या महिन्यात, पूजेच्या दिवशी, शाळेच्या मैदानावर रस्सीखेच झाली. दूसेंग सकाळीच पांढरा झगा घालून झाडाखाली गेली. तांदूळ मांडला, सुरी मांडली, घंटा हातात घेतली. गाथेला हात घालण्याआधी सांगावं लागतं, कुठलं वर्ष, कुठलं गाव, कुणाकुणाच्या घरचं बोलावणं. वर्ष तिनं सांगितलं. गाव सांगितलं. मग बोलावणाऱ्यांची नावं घ्यायची. तिनं मागं वळून पाहिलं. मालन्यो घरी खाटेवर होती, गुडघे धरलेले. दुसरं कुणी नव्हतं. मैदानावरून आरोळ्या येत होत्या. बोलावणारंच कुणी नसताना बोलावणं कसं पाठवायचं? ती थोडा वेळ उभी राहिली, मग तांदूळ परत पिशवीत भरला. सांडलेले दाणे पाखरांना ठेवले.

मीरानची नोकरी कायम झाली. तिनं दुरुस्ती लिहिलीच, आईच्या मर्जीविरुद्ध. तिला छापणाऱ्यांचं उत्तर आलं, की मूळ ध्वनिफीत जतन केलेली आहे. तिच्या विरोधात दुसरी ध्वनिफीत असेल तर पाठवावी, ऐकीव हरकत छापता येत नाही. मीराननं दुसऱ्या ध्वनिफितीसाठी आईला विचारलं नाही. तिला आता विचारायचं कसं ते कळलं होतं, म्हणूनच तिनं विचारलं नाही.

तीन वर्षांनी शहरात बेटाच्या कलांचा मोठा सोहळा झाला. बोलावणं आलं, दूसेंगला पुढच्या रांगेत गादीची खुर्ची दिली. मंचावर कॉलेजची पोरं, रेशमी कपडे, कागदाचे दोन सूर्य. निवेदक म्हणाला, ही मल्गाए गावची दुर्मीळ कथा, हिच्यात कपट नाही. धाकट्यानं कुंडी उचलली, कागदाचं फूल उघडलं, थोरल्यानं हसून त्याला मिठी मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी मीरान मान खाली घालून बसली होती.

बारा मिनिटांत जग तयार झालं. सूर्य पडला, चंद्र पडला, भुकटी उडाली. कुणाला शिंकसुद्धा आली नाही.

"किती गुणी मुलगा," दूसेंग हळूच म्हणाली. "एवढा सरळ असता तर आपली गरजच पडली नसती."

मीराननं तिचा हात धरला. हात गार होता.

त्याच हिवाळ्यात दूसेंग गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं सुरी, घंटा आणि वाट्या एका फडक्यात बांधून मीरानपुढं ठेवल्या, आणि मग मीरान हात पुढं करायच्या आतच ते गाठोडं पुन्हा आपल्या उशीखाली ओढून घेतलं. "तुला वापरता यायच्या नाहीत," ती म्हणाली. "आणि विद्यापीठाच्या कपाटात मला नकोत." ते तिच्याबरोबर मातीत गेलं.

मातीभोवती काळ्या दगडांची भिंत घातली, वारा अडवायला. मालन्यो दोन काठ्यांवर आली होती. ती मीरानला म्हणाली, "थोरल्या राजाकडे गेली तुझी आई. तिथं सगळं सरळ आहे म्हणतात." मग कबरीकडे बघत ती जरा थांबली. "तिथं ती दिवसभर काय करणार कोण जाणे."